डेटाबेस हलवताना शनिवार-रविवार बिलिंग बंद ठेवावं लागणार, हे दुकानदाराला कसं समजवायचं?

ओंकार_क

तालुक्याच्या गावातलं किराणा दुकान आहे. घाऊक आणि किरकोळ दोन्ही, तीन काउंटर, मागे एक गोदाम, उधारीची हजारेक खाती. उलाढाल पाच कोटींच्या आत. बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ एक्स्प्रेसवर चालतं आणि डेटाची फाइल ९.६ जीबीवर पोचली आहे. या एक्स्प्रेसची मर्यादा १० जीबी. ती गाठली की बिल सेव्हच होणार नाही, आणि ते गर्दीच्याच वेळी होईल.

सॉफ्टवेअर कंपनीची नवी आवृत्ती पोस्टग्रेसवर आहे. डेटा जुन्यातून नव्यात नेण्याचं काम आमच्याकडे आलंय. कंपनीने सांगितलंय, शनिवार सकाळ ते सोमवार सकाळ बिलिंग बंद ठेवा. मालकांचा प्रश्न असा: "मागे कॉम्प्युटर बदलला तेव्हा तासाभरात झालं होतं. आता कॉपी मारायला दोन दिवस कशाला? आणि बंदच ठेवायचं तर का, एकीकडे कॉपी होऊ दे, एकीकडे पोरं बिलं करतील."

तांत्रिक भाषेत सांगितलं की ते मान डोलावतात आणि परत तोच प्रश्न विचारतात. कसं सांगावं? आणि दोन दिवस खरंच लागतात का, तेही सांगा.

---

बाळू_बिनधास्त

दोन दिवस अजिबात लागत नाहीत. रात्री दुकान बंद झाल्यावर सर्व्हिस थांबवायची, एमडीएफ फाइल उचलायची, नव्या मशीनवर अटॅच करायची. दहा जीबीची फाइल गिगाबिट लॅनवर काही मिनिटांत जाते. सकाळी नऊला दुकान चालू. मालकांचं बरोबर आहे, कंपनी आपल्या सोयीने वेळ मागतेय.

शिवाय पोस्टग्रेसची गरजच काय? एसक्यूएल सर्व्हर २०२५ च्या एक्स्प्रेसमध्ये मर्यादा ५० जीबी केली आहे. तेच टाका.

---

मंजिरी_डीबीए

बाळू, अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं ओंकारने मालकांकडे मोकळेपणाने मान्य करावं. मागे तासात झालं कारण तेव्हा फक्त मशीन बदललं होतं, डेटाबेस तोच होता. तसं असेल तर रात्रसुद्धा लागत नाही. आदल्या दिवशी पूर्ण बॅकअप नव्या मशीनवर `NORECOVERY` ठेवून रिस्टोअर करायचा, दुकान बंद झाल्यावर फक्त मधल्या बदलांचा डिफरन्शियल बॅकअप चढवायचा. बिलिंग अर्धा तास थांबतं. अशा कामासाठी कोणी दोन दिवस मागत असेल तर देऊ नयेत. (आणि एमडीएफ एकटी उचलू नका, एलडीएफही सोबत घ्या, तीही सर्व्हिस नीट थांबल्यावरच.)

पण इथे डेटाबेसचा प्रकारच बदलतोय. एसक्यूएल सर्व्हरची फाइल किंवा बॅकअप पोस्टग्रेस वाचू शकत नाही. प्रत्येक तक्त्यातली प्रत्येक ओळ बाहेर काढायची, तारखा, रकमा, हो-नाहीचे रकाने नव्या साच्यात बसवायचे, आत भरायच्या, आणि मग जुळलं का ते तपासायचं. वेळ खातं ते हे तपासणं. २०२५ एक्स्प्रेसचा मुद्दा चांगला आहे, पण सॉफ्टवेअर कंपनीची पुढची आवृत्ती पोस्टग्रेसवरच निघणार असेल तर ती सुधारणा जुन्या वाटेवर मिळणार नाही. ओंकारने कंपनीला एकदा विचारावं.

आता मालकांना काय सांगायचं. "एकीकडे कॉपी, एकीकडे बिलं" का चालत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ३१ मार्चला गोदामाची मोजदाद चालू असताना साखरेची पोती बाहेर जात राहिली तर काय होतं, ते विचारा. त्यापुढे मात्र उपमा सोडून त्यांचंच बिल घेऊन बोला:

"मालक, दुपारी दोनला कॉपी सुरू केली. तोपर्यंत शेवटचं बिल होतं १८४३२. तीन वाजता तीन नंबर काउंटरवर ४,८५० रुपयांचं उधारीचं बिल झालं, नंबर १८४३३. ते जुन्या मशीनवर आहे, नव्यावर नाही. सोमवारी नव्या मशीनवर पहिलं बिल होईल, त्याचाही नंबर १८४३३. एकाच नंबरची दोन बिलं, दोन वेगळ्या गिऱ्हाइकांच्या हातात. आणि त्या उधारीवाल्याच्या खात्यावर ४,८५० दिसणारच नाहीत. स्टॉकमध्ये तो माल शिल्लक दिसेल."

एवढं कागदावर लिहून दाखवा. उधारी बुडेल हे वाक्य दुकानदाराला लगेच लागतं, आणि इथे ते अक्षरशः खरं आहे.

---

सुहास_प

नेट बंद असलं तरी आजकाल ऑफलाइन बिलिंग होतं की. एक मोबाइल हॉटस्पॉट ठेवा, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घ्या. दोन दिवस दुकान बंद ठेवायची काय गरज?

---

मंजिरी_डीबीए

सुहास, नेटचा प्रश्न नाहीये, बिलं ज्या डेटाबेसमध्ये साठतात तोच हलवायचा आहे. पण तुमच्या प्रतिसादात एक शब्द आला तो महत्त्वाचा आहे: "दुकान बंद". मालकांनीही बहुधा तेच ऐकलं असणार. ओंकार, पहिलं वाक्य हेच असू दे: दुकान चालू राहणार, कॉम्प्युटरवर बिल होणार नाही. हातबिल होईल. माल जाईल, पैसे येतील, क्यूआरवर यूपीआय चालूच राहील.

---

गल्ला

मी दुकानदार आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. आम्हाला तीनच गोष्टी हव्या असतात. धंदा किती तास अडेल, उधारी सुरक्षित आहे का, आणि सोमवारी सकाळी नाही चालू झालं तर काय. तुमचं पोस्टग्रेस की काय ते आम्हाला नको.

आणि शनिवार का? शनिवार-रविवार तुमच्या ऑफिसची सुटी आहे. आमच्याकडे बांधकामावरच्या आणि शेतावरच्या मजुरांचा आठवड्याचा पगार शनिवारी होतो, संध्याकाळी पाच ते नऊ काउंटरला श्वास घ्यायला फुरसत नसते. रविवारी मात्र दुपारी एकला आम्ही शटर ओढतो. यांच्या गावात काय आहे ते आधी विचारा. आठवडी बाजार कधी, साप्ताहिक सुटी कधी. महिन्याचे पहिले आठ-दहा दिवस तर नकोच, नोकरदारांचा महिन्याचा किराणा तेव्हाच भरला जातो.

---

हिशेबनीस

त्यात माझी भर. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी असते (तिमाही भरणाऱ्यांचं वेगळं). रिटर्नच्या आदल्या दोन-तीन दिवसांत डेटाला हात लावू नका. महिन्याचा तिसरा किंवा चौथा रविवार, २० तारीख उलटल्यावर, पण महिनाअखेर टाळून. १ एप्रिललाच करू, नवं वर्ष नवा डेटा, असा मोह सगळ्यांना होतो. त्या आठवड्यात बिलांची मालिका बदलते, आरंभीच्या शिल्लका ओढायच्या असतात, स्टॉकची मोजणी असते. त्यात हे घुसवलं तर फरक कुठला कशामुळे आला ते सापडत नाही.

हातबिलाचं कायद्याने अडत नाही, पण पद्धत पाळा. जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. एकापेक्षा जास्त मालिका चालतात. म्हणून त्या दोन दिवसांसाठी वेगळी मालिका काढा, उदाहरणार्थ `M/25-26/0001`. कॉम्प्युटरची `R/25-26/` मालिका जिथे थांबली तिथेच थांबू द्या. हातबिलांवर पुढचे R नंबर लिहू नका.

बिलबुकं छापून घ्या, प्रत्येक काउंटरला एक, आणि नंबर वाटून द्या: पहिल्याला १ ते १००, दुसऱ्याला १०१ ते २००, तिसऱ्याला २०१ ते ३००. कार्बन प्रत हवीच. उरलेली कोरी पानं फाडू नका, रद्द म्हणून खूण करून ठेवा, कारण जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये कुठून कुठपर्यंत क्रमांक आणि त्यातले रद्द किती ते सांगावं लागतं.

---

गल्ला

रविवारी सकाळी अर्धा किलो पोहे, दोन साबण, अशी पन्नास-शंभर रुपयांची गिऱ्हाइकं येतात. प्रत्येकाला हातबिल लिहीत बसलं तर रांग रस्त्यावर जाईल.

---

हिशेबनीस

त्याची सोय आहे. २०० रुपयांच्या आतली विक्री, घेणारा नोंदणीकृत नाही आणि त्याने बिल मागितलं नाही, तर प्रत्येकी बिल करावं लागत नाही. दिवसाअखेर अशा सगळ्या विक्रीचं मिळून एक बिल करायचं. फक्त कराच्या दरानुसार रक्कम वेगळी काढता आली पाहिजे. काउंटरवर एक वही ठेवा, प्रत्येक दरासाठी एक रकाना, विक्री झाली की त्या रकान्यात आकडा. संध्याकाळी बेरीज.

जीएसटी नंबर असलेला घाऊक गिऱ्हाईक आला तर मात्र पूर्ण हातबिल. त्याचा जीएसटी नंबर, एचएसएनचे चार आकडे, कर वेगळा. म्हणून शनिवारी संध्याकाळी सॉफ्टवेअरमधून भावयादी छापून घ्या: वस्तू, विक्रीचा भाव, कराचा दर, एचएसएन. स्कॅनर त्या दिवशी मुका असतो, यादी नसेल तर पोरं अंदाजाने भाव लावतात. दुसरी छापायची यादी उधारीची, नाव आणि बाकी. रविवारी कोणी "माझे किती राहिले?" विचारलं तर उत्तर हवं.

उलाढाल पाच कोटींच्या वर असती तर घाऊक बिलांना ई-इन्व्हॉइसचा आयआरएन लागला असता आणि नुसतं हातबिल देऊन भागलं नसतं. इथे तो प्रश्न नाही.

---

औषधवाला

आमच्या मेडिकलचंही असंच करायचंय. आमच्याकडे हातबिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहावी लागते, शिवाय शेड्यूल एच१ च्या औषधांची नोंद वेगळ्या रजिस्टरात, ती तीन वर्षं ठेवायची. आमचं सॉफ्टवेअर बॅच आपोआप निवडतं, जुनी मुदत आधी. हाताने करताना पोरं पुढची स्ट्रिप उचलतात आणि नंतर बिलं चढवताना सॉफ्टवेअर भलतीच बॅच वजा करतं. यावर काय?

---

मंजिरी_डीबीए

तुमच्याकडे हातबिल चढवताना बॅच हाताने निवडण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का, ते आधी तपासा. नसेल तर मोठा खंड घेऊच नका, दुकान खरोखर बंद असेल त्या वेळेत बसेल असं काम लावा. किराण्याला हा त्रास कमी.

ओंकारच्या प्रश्नावर येते. वेळापत्रक अंदाजाने सांगू नका. आठवडाभर आधी रंगीत तालीम करा. रात्रीचा बॅकअप घ्या, तो कुठल्या तरी वेगळ्या मशीनवर उघडा, तिथून नव्या पोस्टग्रेसमध्ये सगळं नेऊन बघा. चालू दुकानाला धक्का लागत नाही. प्रत्येक पायरीला लागलेला वेळ लिहून ठेवा. मालकांसमोर तोच कागद ठेवायचा. दहा जीबीला साधारण असं दिसेल: डेटा काढणं आणि भरणं दोन-तीन तास, आकडे जुळवणं तीन-चार तास, तीन काउंटरवर नवं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर दोन तास, मालकांनी स्वतः बसून बघणं तासभर, हातबिलं चढवणं दोन तास. बेरीज दहा-बारा तासांची, उरलेला वेळ काही अडलं तर. "बारा तासांचं काम आहे, बाकीचे तास तुमच्या सुरक्षिततेचे" हे वाक्य मालकांना पटतं, "दोन दिवस लागतील" पटत नाही.

गल्ला यांचा मुद्दा धरला तर शनिवार सकाळची गरजच नाही. शनिवारी रात्री नऊला शटर खाली आल्यावर सुरू करा. डेटा भरणं रात्री आपोआप चालेल, तपासणी रविवारी सकाळी ताज्या डोळ्यांनी. मग हातबिलं फक्त रविवार सकाळची.

---

बाळू_बिनधास्त

एमडीएफचं मान्य, प्रकार बदलतोय हे माझ्या नजरेतून सुटलं. पण शनिवारी रात्री सुरू करण्याला माझा विरोध आहे. दिवसभर काम करून रात्री नऊला बसलेला माणूस बारा वाजता चुकीची कमांड चुकीच्या मशीनवर मारतो. कंपनीचा सपोर्टही रात्री फोन उचलत नाही. त्यापेक्षा शनिवारी दुपारी दोनला बंद करा.

---

गल्ला

शनिवारी दुपारी दोन म्हणजे पगाराची संध्याकाळ हातबिलांवर. एक लाखाचा गल्ला हाताने लिहून? मी असतो तर नाही म्हटलं असतं.

---

मंजिरी_डीबीए

दोघांचंही खरं आहे. मधला मार्ग असा की रात्री करायच्या कमांड तालमीतच एका फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवायच्या, रात्री नवीन काही टाइप करायचं नाही. तरी हा निर्णय मालकांचा, त्यांच्या शनिवारचा आकडा त्यांना माहीत आहे.

आता बंद म्हणजे खरंच बंद कसं करायचं. "पोरांनो, बिलं करू नका" एवढ्याने होत नाही. तीन नंबर काउंटरवर विंडो उघडी राहते. मालक घरी बसून मोबाइल ॲपवर कोणाची तरी जमा टाकतात. फिरतीवरच्या सेल्समनची ऑर्डर आपोआप सिंक होते. रात्री अकराचा ऑटो-बॅकअप आणि एसएमएसचा जॉब असतो. हे सगळं आधी शोधून थांबवा. मग:

```sql
ALTER DATABASE DukanDB SET READ_ONLY WITH ROLLBACK IMMEDIATE;
BACKUP DATABASE DukanDB TO DISK = 'E:\MOVE\DukanDB.bak'
WITH INIT, CHECKSUM;
```

यानंतर जुन्यात एकही नोंद शिरू शकत नाही, पण वाचता येतं. बॅकअपची एक प्रत त्या मशीनच्या बाहेर, पोर्टेबल डिस्कवर.

---

ओंकार_क

`READ_ONLY` आवडलं. म्हणजे रविवारी काउंटरवर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये भाव आणि बाकी बघता येईल?

---

मंजिरी_डीबीए

कदाचित. पुष्कळ बिलिंग सॉफ्टवेअर उघडतानाच लॉगिनची नोंद एखाद्या तक्त्यात लिहायला जातात. ती लिहिता आली नाही की एरर देऊन बंद. तालमीच्या प्रतीवर करून बघा. उघडत नसेल तर छापील यादीवरच भिस्त.

---

तळटीप

पोस्टग्रेसवर गेल्यावर नेमकं काय बिघडतं ते सांगतो, कारण तपासणीला चार तास का लागतात याचं उत्तर त्यातच आहे.

पहिलं, बिल नंबर. जुन्या डेटाबेसमध्ये नंबर आपोआप वाढतो. पोस्टग्रेसमध्ये हे काम सिक्वेन्स करते. जुन्या ओळी त्यांच्या जुन्या नंबरांसकट भरल्या तरी सिक्वेन्स १ वरच उभी असते. सोमवारी पहिलं बिल सेव्ह करताना हे दिसतं:

```
ERROR:  duplicate key value violates unique constraint "bill_head_pkey"
```

उपाय एका ओळीचा, पण प्रत्येक तक्त्याला करायचा. बिल, पावती, खरेदी, परतावा, सगळीकडे:

```sql
SELECT setval(pg_get_serial_sequence('bill_head','bill_id'),
              (SELECT max(bill_id) FROM bill_head));
```

बिलाचं केलं आणि पावतीचं विसरलं तर रविवारी सगळं ठीक दिसतं. सोमवारी अकराला पहिला माणूस उधारीचे पैसे भरायला येतो तेव्हा अडतं.

दुसरं, पैशांचं पूर्णांकन. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रकमा बऱ्याचदा फ्लोट रकान्यात असतात. ते नव्यात डबल प्रिसिजन म्हणून आले तर २४२.५० चं पूर्णांकन २४२ होतं. न्यूमेरिक म्हणून आले तर २४३. जुन्यात २४३ च व्हायचं. पन्नास पैशांवर येणारी बिलं रोज निघतात, आणि कॅश एक-एक रुपयाने जुळेनाशी झाली की मालक पोरांवर संशय घेतात. रकमेचा प्रत्येक रकाना `numeric(14,2)` आहे ना ते तालमीतच बघा.

तिसरं, शोध. जुन्यात `parle` लिहिलं तरी `PARLE` सापडायचं. पोस्टग्रेस लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतो. सॉफ्टवेअर कंपनीने `ILIKE` वापरलं नसेल तर काउंटरवरचा पोरगा म्हणेल, "अर्धा माल गायब झालाय." माल गायब नसतो, पण ते ऐकून मालकांचा जीव खाली-वर होतो.

---

ओंकार_क

तिन्ही मुद्दे तालमीच्या यादीत घेतले. आकडे जुळवायचे म्हणजे नेमके कुठले? मालकांना दाखवता येतील असे हवेत.

---

तळटीप

चार पुरे. चालू वर्षाच्या बिलांची संख्या आणि बेरीज, मालिकेनुसार. उधारीची एकूण बाकी. स्टॉकचं एकूण मूल्य. शेवटची रोख शिल्लक. दोन्हीकडे हीच क्वेरी चालते:

```sql
SELECT bill_series, count(*), min(bill_no), max(bill_no), sum(net_amt)
FROM bill_head
WHERE bill_date >= '20250401'
GROUP BY bill_series;
```

तारीख मुद्दाम अशी सलग लिहिली आहे. `2025-04-01` लिहिलं आणि जुन्या सर्व्हरचं तारखेचं सेटिंग दिवस-महिना-वर्ष असलं, तर तो ती ४ जानेवारी समजतो. मग तीन महिन्यांची बिलं जास्त मोजली जातात आणि फरक शोधण्यात रविवार जातो.

समजा दोन्हीकडे उत्तर आलं: R मालिका, बिलं १८४२९, पहिलं १, शेवटचं १८४३२. तीन बिलं कमी का? दोन्हीकडे सारखीच कमी असतील तर ती जुन्यातच खोडलेली आहेत, हलवण्यात गेलेली नाहीत. कोणती, ते लिहून मालकांना द्या, नाहीतर पुढे कधीतरी "तुमच्या कामात तीन बिलं गेली" असं होईल. बेरजेत दोन-चार पैशांचा फरक आला तर तो फ्लोटचा, चालतो. रुपयाचा फरक आला तर थांबा आणि शोधा.

एकूण आकडे जुळले तरी मालकांना त्यांच्या डोक्यातली दहा खाती उघडून दाखवा. सगळ्यात मोठे उधारीवाले, ज्यांच्या बाकीचा आकडा त्यांना पाठ असतो ते. त्यांची खात्री त्यानेच होते.

---

मंजिरी_डीबीए

यातूनच गल्ला यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. मालकांशी आधीच एक वेळ ठरवा, समजा रविवारी संध्याकाळी सहा. तोपर्यंत चारही आकडे जुळले आणि तिन्ही काउंटरवर चाचणीचं बिल छापलं गेलं तर पुढे. नाही तर जुनं मशीन परत `READ_WRITE` करायचं, सोमवारी दुकान जुन्यावर, हातबिलं जुन्यात चढवायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा. डेटा जिथे होता तिथेच आहे, म्हणून हे अर्ध्या तासात होतं. चाचणीची बिलं मात्र नव्यातून पुसून सिक्वेन्स परत बसवा, नाहीतर R मालिकेत विनाकारण खंड पडतो.

एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगा आणि शक्यतो लिहून द्या. नव्या मशीनवर पहिलं खरं बिल झालं की परतीची वाट अवघड होते. मंगळवारी "जुनंच बरं होतं, परत लावा" म्हटलं तर सोमवारची सगळी बिलं जुन्यात पुन्हा हाताने भरावी लागतील. म्हणून घाई सहाच्या आधी करायची नाही. जुनं मशीन निदान पुढची दोन रिटर्न भरून होईपर्यंत तसंच ठेवा, फॉरमॅट करून कोणाच्या पोराला अभ्यासाला देऊ नका. त्याची लॅनची वायर काढून ठेवा, म्हणजे चुकून कोणी त्यावर बिल करणार नाही.

---

हिशेबनीस

हातबिलं चढवताना तारीख रविवारची आणि नंबर M मालिकेचाच पडला पाहिजे. सॉफ्टवेअर आपोआप R चा पुढचा नंबर देत असेल तर गिऱ्हाइकाच्या कागदावर M आणि रिटर्नमध्ये R असं होईल. घाऊक गिऱ्हाइकाला त्या बिलाचं क्रेडिट जुळणार नाही आणि तो भांडायला येईल. M मालिका नव्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने नंबर टाकता येईल अशी उघडून ठेवायला कंपनीला आधीच सांगा. यूपीआयने पैसे आले त्या हातबिलाच्या कार्बन प्रतीवर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहून ठेवा, बँकेशी मेळ घालायला सोपं जातं.

---

ओंकार_क

सगळं उतरवून घेतलं. उद्या मालकांकडे जातो. सोबत एक पान नेणार: वरती १८४३३ चं उदाहरण, खाली तासांचं वेळापत्रक, तळाला "रविवार संध्याकाळी ६, निर्णय". शनिवार दुपार की रात्र, ते त्यांनाच ठरवू देतो.

एक अडलंय. उधारीवाल्यांची काही नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. तालमीत ती गिचमीड दिसतायत. याच वेळी ती युनिकोड करून घ्यावीत का?

---

तळटीप

त्याच रविवारी नको. आधी बघा, नव्या सॉफ्टवेअरमध्ये तोच जुना फॉन्ट लावला तर नावं नीट दिसतात का. दिसली तर अक्षरं शाबूत आली आहेत, रूपांतर पुढे सावकाश करा, दर आठवड्याला शंभर नावं, मालकांच्या मुनीमजींना शेजारी बसवून. फॉन्ट लावूनही गिचमीडच राहिली तर मात्र डेटा काढतानाच अक्षरं बदलली आहेत. तेव्हा थांबून काढण्याच्या वेळचं कोडपेज तपासावं लागेल, कारण तसं चुकलेलं नाव नंतर परत मिळत नाही.

---

बाळू_बिनधास्त

एकदाच झटक्यात करून टाकलं तर? रूपांतराची स्क्रिप्ट असते की.

---

तळटीप

स्क्रिप्ट जोडाक्षरांत आणि रफारात चुकते, आणि एकाच नावाची दोन खाती वेगवेगळ्या पद्धतीने टाइप झालेली असतात. "शिर्के" आणि "शिर्के" दोन खाती दिसली की कोणती कोणाची ते फक्त मुनीमजी सांगू शकतात. ते काम उधारीच्या वहीसमोरच व्हायला हवं.

---

गल्ला

आणखी एक राहिलं. रविवारी कोणी शनिवारचा माल परत घेऊन आला तर? मूळ बिल कॉम्प्युटरचं आहे.

---

हिशेबनीस

मूळ बिलाचा R नंबर लिहून कच्ची पावती द्या, पैसे देऊ नका, खात्यावर जमा धरा किंवा माल बदलून द्या. क्रेडिट नोट सोमवारी नव्या सॉफ्टवेअरमधून, मूळ बिल उघडून. रोखीचा गिऱ्हाईक पैसेच मागत असेल तर पावतीवर त्याची सही घेऊन द्या आणि ती पावती त्या दिवसाच्या गल्ल्याला टाचा. काही सॉफ्टवेअरमध्ये हलवून आणलेल्या जुन्या बिलावर क्रेडिट नोट निघत नाही, फक्त नव्या बिलांवर निघते. ओंकार, हे कंपनीला विचारून घ्या, आणि तालमीत एका जुन्या बिलावर काढून बघा.